४३ सेकंद आणि २४ तास ११ मिनिटं

२२ ऑक्टोबर २०१८, सोमवार. पुण्या-बंगळूरच्या आयटी कंपन्यांत कामाचा आठवडा सुरू होत होता आणि गिटहब या संकेतस्थळाचं काहीतरी बिनसलं होतं. प्रोग्रामर मंडळी आपला कोड जिथे ठेवतात, एकमेकांच्या कोडवर शेरे मारतात, सापडलेल्या चुका नोंदवून ठेवतात, ती ही जागा. त्या दिवशी तिथे शिळी माहिती दिसत होती. आत्ता नोंदवलेलं काही वेळाने पाहावं तर गायब. कोड सुरक्षित होता, पण त्याच्याभोवतीच्या साऱ्या नोंदींचा ताळमेळ सुटला होता. हे रडगाणं मंगळवारी पहाटे साडेचारला संपलं, तोवर २४ तास ११ मिनिटं गेली होती.

या सगळ्याचं मूळ कारण मात्र जेमतेम ४३ सेकंद टिकलं होतं. अमेरिकेत रविवारची संध्याकाळ होती, आपल्याकडे पहाटेचे ४ वाजून २२ मिनिटं. पूर्व किनाऱ्यावर नेटवर्कचं एक खराब होत चाललेलं ऑप्टिकल उपकरण बदलण्याचं नेहमीचं काम चालू होतं. त्यात गिटहबचं मुख्य डेटा सेंटर आणि त्याच किनाऱ्यावरचं नेटवर्क केंद्र यांच्यातली जोडणी तुटली. ४३ सेकंदांत ती परत आली. कंपनीने पुढे सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. कुठे काय घडलं ते त्यात लपवाछपवी न करता सांगितलं आहे, त्यामुळेच हा प्रसंग अभ्यासाला फार चांगला आहे.

अनेक यंत्रांवर पसरलेल्या डेटाबेसबद्दल बोलताना ज्या दोन नावांचा हमखास उल्लेख होतो, त्या कॅप प्रमेयाचा आणि पॅसेल्कचा खरा अर्थ या ४३ सेकंदांत आणि त्यानंतरच्या दिवसभरात पुरेपूर दिसतो. नोकरीच्या मुलाखतींत कॅपवर प्रश्न हमखास येतो आणि बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘तीनपैकी कुठलेही दोन निवडा.’ हे उत्तर ऐकून मुलाखत घेणाराही मान डोलावतो. प्रमेय असं म्हणत नाही.

आधी गिटहबकडे नेमकं काय होतं ते पाहू. नोंदींसाठी मायएसक्यूएल या डेटाबेसचे अनेक समूह होते. प्रत्येक समूहात एक यंत्र ‘प्रायमरी’, म्हणजे नवं काही लिहायचं ते इथेच. बाकीच्या यंत्रांवर त्याच्या प्रती, म्हणजे रेप्लिका, ज्यांच्यावरून नुसतं वाचायचं. प्रायमरी पूर्व किनाऱ्यावर, काही प्रती तिथेच, काही पश्चिम किनाऱ्यावर. प्रायमरी बंद पडली तर कुठल्या प्रतीला बढती द्यायची हे ठरवायला ऑर्केस्ट्रेटर नावाची व्यवस्था होती. तिचीही यंत्रं तीन ठिकाणी होती आणि त्यांच्यापैकी बहुमत होईल तो निर्णय, असा नियम होता.

जोडणी तुटल्यावर पूर्वेच्या मुख्य डेटा सेंटरमधलं ऑर्केस्ट्रेटर एकटं पडलं. पश्चिमेचं आणि पूर्वेलाच वेगळ्या जागी असलेलं, अशा दोघांचं एकमेकांशी बोलणं चालू होतं. दोघांचं बहुमत झालं. त्यांना मुख्य डेटा सेंटर दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी पश्चिमेच्या प्रतींना प्रायमरी करायला सुरुवात केली. नियमाप्रमाणे हे अगदी बरोबर होतं. घोटाळा असा की तोवर पूर्वेच्या प्रायमरींनी थोड्या नोंदी ‘झालं’ म्हणून स्वीकारल्या होत्या आणि त्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या. जोडणी परत आली तेव्हा पश्चिमेच्या नव्या प्रायमरीही लिहून घ्यायला लागल्या. तिथे जवळजवळ ४० मिनिटांच्या नोंदी साचल्या. आता पूर्वेकडे असं काही होतं जे पश्चिमेकडे नव्हतं आणि पश्चिमेकडे असं बरंच होतं जे पूर्वेकडे नव्हतं. दोन्ही बाजू खऱ्या, आणि पूर्ण एकही नाही.

हे टाळता आलं असतं का? इथेच कॅप येतं.

एरिक ब्रूअर हे तेव्हा कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात प्राध्यापक होते. इंक्टोमी या सर्च इंजिन कंपनीचे ते एक संस्थापक, म्हणजे शेकडो यंत्रं एकत्र नांदवण्याचा त्यांना चांगला अनुभव होता. २००० साली पोर्टलंडच्या परिषदेत त्यांनी एक अटकळ मांडली. २००२ मध्ये एमआयटीच्या सेथ गिल्बर्ट आणि नॅन्सी लिंच यांनी तिची सिद्धता दिली आणि अटकळीचं प्रमेय झालं. सी म्हणजे कन्सिस्टन्सी, ए म्हणजे अव्हेलेबिलिटी, पी म्हणजे पार्टिशन टॉलरन्स. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मिळवता येत नाहीत, असं ते प्रमेय.

सिद्धता इतकी छोटी आहे की ती इथेच पाहता येईल. दोन यंत्रं घ्या, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. दोघांकडे एकाच तक्रारीची नोंद आहे आणि तिची स्थिती ‘उघडी’ आहे. मधली तार तुटली. आता पूर्वेला कोणीतरी ती तक्रार ‘बंद’ केली. चालू असलेल्या प्रत्येक यंत्राने उत्तर दिलंच पाहिजे असा आपला आग्रह आहे, म्हणून पूर्वेचं यंत्र म्हणालं, ‘झालं.’ त्यानंतर पश्चिमेच्या यंत्राला कोणी विचारलं, ‘तक्रारीची स्थिती काय?’ पश्चिमेच्या यंत्राच्या नजरेने पाहा. पूर्वेला काही घडलेलं असो वा नसो, त्याच्यापर्यंत एकही निरोप पोचलेला नाही. दोन्ही परिस्थितींत त्याला जग अगदी सारखंच दिसतं. उत्तर द्यायचंच असेल तर ते दोन्हीकडे एकच उत्तर देणार, ‘उघडी’. पूर्वेला काही घडलेलं नसेल तर ते बरोबर, घडलेलं असेल तर चूक. चूक टाळायची तर एकच मार्ग उरतो, गप्प बसायचं किंवा ‘आत्ता सांगता येत नाही’ म्हणायचं. मग उत्तर देण्याचा आग्रह मोडला. कितीही हुशार प्रोग्राम लिहा, न मिळालेला निरोप त्याला वाचता येणार नाही. संपली सिद्धता.

ती इतकी सोपी निघते, कारण तिच्यातल्या तिन्ही शब्दांचे अर्थ फार काटेकोर आणि फार अरुंद आहेत. गैरसमजांचा उगम जवळजवळ सगळा तिथेच आहे.

कन्सिस्टन्सी घ्या. इथे तिचा अर्थ असा, की यंत्रं कितीही असोत, बाहेरून पाहणाऱ्याला माहितीची जणू एकच प्रत आहे असं वाटलं पाहिजे. एकदा ‘झालं’ असं उत्तर आलं की त्यानंतर जगात कुठूनही वाचलं तरी ती नवी नोंद, किंवा तिच्याहून नवी, दिसलीच पाहिजे. शास्त्रात याला लिनिअरायझेबिलिटी म्हणतात. डेटाबेसच्या पुस्तकांत अ‍ॅसिड नावाच्या चौकडीतही एक सी असतो. त्याचा अर्थ वेगळा. माहितीवर आपण घातलेले नियम, जसं की खात्यातली शिल्लक शून्याखाली जाता कामा नये, हे व्यवहाराआधी आणि नंतर पाळलेले असावेत, इतकाच. ‘आमचा डेटाबेस अ‍ॅसिड आहे, म्हणजे कॅपमधला सी आमच्याकडे आहे’ हे वाक्य मी चांगल्या अनुभवी लोकांच्या तोंडून ऐकलं आहे. अक्षर एक आहे म्हणून गोष्ट एक होत नाही.

अव्हेलेबिलिटीचा घोळ याहून मोठा आहे. आपण ‘सेवा उपलब्ध आहे’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर टक्केवारी असते, वर्षभरात किती मिनिटं बंद होती, वगैरे. कॅपमधल्या ए ला टक्केवारी ठाऊक नाही. जे यंत्र बंद पडलेलं नाही, त्याच्याकडे आलेल्या प्रत्येक विनंतीला त्याने खरं उत्तर दिलंच पाहिजे, एवढंच तो म्हणतो. तीन यंत्रांचा एक समूह कल्पा, जिथे बहुमताशिवाय काही लिहीत नाहीत. त्यातलं एक यंत्र नेटवर्कपासून तुटलं. उरलेली दोघं बहुमताने काम चालू ठेवतात, ग्राहकांच्या विनंत्या त्यांच्याकडे वळवल्या जातात, कोणाच्या काही लक्षातही येत नाही. पण ते तिसरं, एकटं पडलेलं यंत्र चालू असूनही उत्तर नाकारतं आहे. म्हणजे कॅपच्या भाषेत ही व्यवस्था अव्हेलेबल नाही! उलट बाजूने पाहा. सगळी यंत्रं एकाच वेळी वीज जाऊन बंद पडली तर कॅपच्या ए चा भंग होत नाही, कारण बंद यंत्राकडून तो काहीच मागत नाही. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र दुकानाला टाळं.

आणखी एक बारकावा, ज्याचा पुढे उपयोग आहे. उत्तर किती वेळात द्यायचं याची मर्यादा प्रमेयाने घातलेली नाही. आज विचारलं आणि उद्या उत्तर आलं तरी व्याख्येला चालतं. तुम्हाआम्हाला चालेल का?

राहिला पी. ‘तीनपैकी दोन’ या घोषणेचं खापर थोडंसं खुद्द ब्रूअर यांच्यावरही फुटतं, कारण २००० सालच्या भाषणात त्यांनीच अशा जोड्या पाडून दाखवल्या होत्या आणि पार्टिशन सोडून देणाऱ्या व्यवस्थांचीही उदाहरणं दिली होती. त्यातून सीए, सीपी, एपी अशा तीन जातींचा तक्ता तयार झाला आणि तो सगळीकडे छापला जाऊ लागला. पण पार्टिशन ही आपण निवडायची सोय नव्हे. ती येते ती उपकरण बदलणाऱ्याच्या हातून, उंदराने कुरतडलेल्या वायरीतून, स्विचच्या बिघडलेल्या सॉफ्टवेअरमधून. ‘आम्ही पी घेतला नाही’ असं म्हटल्याने तार तुटायची थांबत नाही. एकाच यंत्रावर सगळी माहिती असेल तर तुटायला तारच नसते आणि प्रश्नच उद्भवत नाही. एकाहून जास्त यंत्रं आली की विचार एवढाच उरतो, तार तुटेल तेव्हा काय सोडायचं? चुकीचं सांगण्याचा धोका पत्करायचा की गप्प बसायचं? २०१२ साली ब्रूअर यांनीच लेख लिहून ‘तीनपैकी दोन’ ही मांडणी दिशाभूल करणारी असल्याचं सांगितलं. तार तुटलेली नसताना सी किंवा ए यांपैकी काहीच सोडण्याचं कारण नाही, हेही त्यांनी तिथे स्पष्ट केलं.

आता या व्याख्या घेऊन गिटहबला कुठल्या खणात टाकायचं ते ठरवून पाहा. सीपी? नाही. पूर्वेने स्वीकारलेल्या नोंदी पश्चिमेकडे वाचणाऱ्याला दिसल्या नाहीत, तेव्हा एकच प्रत असल्याचा भास मोडला. मग एपी? तेही नाही. रेप्लिका लिहून घेत नाहीत, म्हणजे चालू असलेली कित्येक यंत्रं लेखनाची विनंती नाकारणारच. दोन्ही नाही! एक प्रायमरी, तिच्या मागाहून भरल्या जाणाऱ्या प्रती आणि आपोआप बढती, ही जगातली सर्वांत जास्त वापरात असलेली रचना असेल, आणि कॅपच्या तक्त्यात तिला जागाच नाही. मार्टिन क्लेपमन यांनी २०१५ साली कॅपवर टीका करताना याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं. प्रमेय फक्त वरची मर्यादा सांगतं, याहून जास्त मिळणार नाही अशी. दोन तरी नक्की मिळतील अशी हमी त्यात कुठेही नाही. माझ्या मते कॅपचा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. ‘आम्ही ए सोडला, म्हणजे सी आमच्या खिशात’ असं धरून चालणारे पुष्कळ असतात. एक गोष्ट सोडल्याने दुसरी आपोआप हाती येत नाही. ती वेगळी कमवावी लागते, आणि तिची किंमत असते.

ती किंमत कधी मोजायची, हा प्रश्न कॅपने विचारलेलाच नाही. तो डॅनियल अबादी यांनी विचारला. ते तेव्हा येल विद्यापीठात होते. २०१० साली त्यांनी आपली मांडणी केली आणि २०१२ मध्ये ती सविस्तर लेखरूपात आली. त्यांचं म्हणणं साधं होतं. तार तुटणं ही क्वचितची गोष्ट. वर्षातला जवळजवळ सगळा वेळ तार शाबूतच असते. तरीही अ‍ॅमेझॉनच्या डायनॅमोसारखे डेटाबेस शांततेच्या काळातसुद्धा कन्सिस्टन्सीत सूट घेतात. ते का? कॅपच्या हिशेबाने तर तेव्हा काहीच सोडायला नको. उत्तर असं, की ते लेटन्सीपायी सोडतात, म्हणजे उत्तराला लागणाऱ्या वेळापायी.

पॅसेल्क हे नाव या वाक्याच्या आद्याक्षरांतून बनलं आहे. पार्टिशन असेल तर अव्हेलेबिलिटी की कन्सिस्टन्सी, एल्स, म्हणजे एरवी, लेटन्सी की कन्सिस्टन्सी. पहिला अर्धा भाग म्हणजे कॅपच. नवं आहे ते त्या ‘एरवी’मध्ये.

एरवीची गोष्ट का निघते ते अंतराच्या हिशेबाने कळेल. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्यापर्यंत सुमारे ४,००० किलोमीटर धरले तर जायला २० आणि यायला २०, अशा ४० मिलिसेकंदांच्या खाली निसर्गच उतरू देत नाही. तारा सरळ रेषेत जात नाहीत, वाटेत उपकरणं असतात, त्यामुळे गिटहबला हा फेरा प्रत्यक्षात ६० मिलिसेकंदांच्या आसपास पडत होता. आता पूर्वेच्या प्रायमरीला एक नोंद लिहायची आहे. तिच्यापुढे दोन मार्ग आहेत. पश्चिमेच्या प्रतीकडून ‘पोचलं’ असा निरोप येईपर्यंत थांबायचं आणि मगच ग्राहकाला ‘झालं’ म्हणायचं, किंवा आपल्या जवळपास लिहून लगेच ‘झालं’ म्हणायचं आणि पश्चिमेला मागाहून कळवायचं. पहिल्यात प्रत्येक नोंदीमागे ६० मिलिसेकंद जातात. दुसऱ्यात वेळ वाचतो, पण मधल्या काळात पश्चिमेची प्रत थोडी मागे असते. किती मागे, तर एरवी सेकंदापेक्षाही कमी. कोणाचं बिघडतं?

गिटहबने दुसरा मार्ग घेतला होता. बहुतेक जण तोच घेतात. आणि तार तुटली त्या क्षणी पूर्वेत ज्या नोंदी अडकून पडल्या, त्या नेमक्या याच ‘मागाहून कळवू’च्या रांगेतल्या होत्या. पॅसेल्कचे दोन भाग कागदावर वेगवेगळे दिसतात, प्रत्यक्षात ते एकमेकांत गुंतलेले असतात. शांततेच्या काळात वेगासाठी केलेली तडजोड तार तुटल्यावर हातात काय उरेल ते आधीच ठरवून ठेवते. त्या पहाटे गिटहबच्या अभियंत्यांसमोर सी की ए असा स्वच्छ पर्याय आलाच नाही. तो कित्येक वर्षं आधी, प्रतींची रचना करताना, बऱ्याच अंशी ठरून गेला होता.

वेगाचा दुसरा तडाखा त्यानंतर बसला. प्रायमरी पश्चिमेला गेल्या, पण गिटहबचे प्रोग्राम पूर्वेलाच राहिले. डेटाबेस आपल्या शेजारच्या खोलीत आहे असं धरूनच ते लिहिलेले. एखादं पान तयार करताना प्रोग्राम डेटाबेसला एकामागून एक २० प्रश्न विचारत असेल, असं समजा. शेजारच्या खोलीत प्रत्येकी एक मिलिसेकंद लागला तर २० मिलिसेकंदांत काम होतं. तेच प्रश्न देशाच्या दुसऱ्या टोकाला विचारायचे तर २० गुणिले ६०, म्हणजे १,२०० मिलिसेकंद, जवळजवळ सव्वा सेकंद. तार जोडलेली, यंत्रं सगळी चालू, कॅपच्या दृष्टीने काहीच प्रश्न नाही, आणि सेवा मात्र अनेकांना वापरण्याजोगी नाही. प्रमेयाने वेळेची मर्यादा घातली नव्हती, तो बारकावा इथे अंगाशी येतो.

तेवढ्यात परत पूर्वेकडे येणं शक्य का नव्हतं? कारण पश्चिमेच्या ४० मिनिटांच्या नोंदी. त्या टाकून दिल्या असत्या तर सेवा लवकर सुरू झाली असती, पण लोकांचं काम गेलं असतं. गिटहबने माहिती जपायची ठरवली आणि त्यासाठी सेवेचा खोळंबा पत्करला. काही सुविधा मुद्दाम थांबवल्या, तासांपूर्वीच्या बॅकअपवरून पूर्वेचे समूह पुन्हा उभे केले, पश्चिमेच्या नोंदी त्यांत आणल्या आणि मग प्रायमरी परत हलवल्या. कित्येक टेराबाइट माहिती उतरवून घ्यायलाच तास लागले. दरम्यान नव्या प्रती मागे पडलेल्या असल्याने वाचणाऱ्याला कधी ताजी, कधी काही तासांपूर्वीची माहिती दिसत राहिली. तीच ती सोमवारची शिळी पानं.

आपण सगळे इतका वेळ ‘तार तुटली’ असं म्हणतो आहोत, जणू यंत्राला ती तुटल्याचं दिसतं. ते दिसत नाही. यंत्राला दिसतं ते एवढंच की उत्तर आलेलं नाही. समोरचा मेला, तार तुटली की नुसता उशीर होतोय, हे आतून ओळखता येत नाही. म्हणून एक मुदत ठरवतात, इतक्या वेळात उत्तर आलं नाही तर पार्टिशन आहे असं समजायचं. मुदत एका सेकंदाची ठेवली तर जरा गर्दी झाली की यंत्र घाबरून बढत्या देत सुटेल. मिनिटाची ठेवली तर खरोखर बिघाड झाला असताना ग्राहक मिनिटभर ताटकळेल. ऑर्केस्ट्रेटर मिनिटभर थांबलं असतं तर जोडणी परत आलेली दिसली असती आणि बढतीची वेळच आली नसती. पण पहिल्या दहा सेकंदांत कोणाला ठाऊक होतं की बिघाड ४३ सेकंदांत संपणार आहे? पार्टिशन आणि लेटन्सी यांच्यातली भिंत ही अशी आपणच उभी केलेली असते, एका आकड्याची.

पॅसेल्क आल्यावर गैरसमज संपले असं मात्र झालं नाही, त्यांनी नवे कपडे घातले. आता डेटाबेसवर पीए/ईएल किंवा पीसी/ईसी अशी लेबलं लागतात. अबादी यांनीच काही उदाहरणं दिली होती. डायनॅमो आणि कॅसान्ड्रा पीए/ईएल, म्हणजे तार तुटल्यावर उत्तर देत राहणारे आणि एरवी वेगाला महत्त्व देणारे. याहूचा पीएनयूटीएस मात्र पीसी/ईएल. हे वाचून वाटेल, एरवी ढिसाळ असणारा डेटाबेस तार तुटल्यावर एकदम कडक कसा होतो? तो होत नाही. एरवी जेवढी कन्सिस्टन्सी तो देतो, तेवढीच तो तार तुटल्यावरही राखतो, आणखी खाली उतरत नाही, भले त्यासाठी काही विनंत्या नाकाराव्या लागोत. लेबल वाचून हे कळत नाही.

शिवाय लेबल संपूर्ण डेटाबेसला लावणं हीच मुळात ढोबळ गोष्ट आहे. कॅसान्ड्रामध्ये वाचण्या-लिहिण्याच्या प्रत्येक आज्ञेपुरतं ठरवता येतं की किती प्रतींकडून होकार हवा. तिच्या `cqlsh` या खिडकीत असं लिहिलं,

```
CONSISTENCY ONE;
CONSISTENCY QUORUM;
```

तर पहिल्या ओळीनंतर एका प्रतीचा होकार पुरतो, दुसरीनंतर बहुमत लागतं. डेटाबेस तोच, दोन ओळींत वागणूक वेगळी. व्यवहारातही असंच चालतं. ब्रूअर यांनी आपल्या २०१२ च्या लेखात एटीएमचं उदाहरण दिलं आहे. बँकेशी जोडणी तुटली तरी एटीएम बंद करून टाकण्याऐवजी ते चालू ठेवता येतं, फक्त एका मर्यादेपर्यंतच पैसे द्यायचे. खात्यात तेवढे नव्हते असं मागाहून कळलं तर बँक ते वसूल करते, दंड लावते. पैसे भरणाऱ्याला तर अडवण्याचं कारणच नाही. एकाच यंत्रात एका कामापुरता ए, दुसऱ्या कामापुरता सी, आणि मर्यादेचा आकडा किती असावा हे गणितज्ञ ठरवत नाही, बँकेचा व्यवस्थापक ठरवतो.

‘आमच्या उत्पादनाने कॅपवर मात केली’ अशी जाहिरातही अधूनमधून दिसते. तिच्यासाठी गूगलच्या स्पॅनरचा दाखला दिला जातो. ब्रूअर नंतर गूगलमध्ये गेले आणि २०१७ साली त्यांनी स्पॅनरवर लिहिलं. त्यात ते स्वतःच सांगतात की तांत्रिकदृष्ट्या स्पॅनर सीपी आहे, तार तुटली आणि निवड करायची वेळ आली तर तो कन्सिस्टन्सी राखतो आणि उत्तर नाकारतो. पण गूगलचं नेटवर्क स्वतःचं आहे, एक वाट बंद झाली तर दुसरी असते, म्हणून अशी वेळ इतकी क्वचित येते की वापरणाऱ्याला तो व्यवहारापुरता सीए वाटावा. प्रमेय तिथल्या तिथे आहे, पैसे ओतून त्याच्याशी गाठ पडण्याचे प्रसंग कमी केले आहेत. आणि ‘एरवी’चा खर्च स्पॅनरलाही चुकलेला नाही. घड्याळांतल्या संभाव्य फरकाएवढा वेळ थांबल्याशिवाय तो कुठलीही नोंद पक्की झाल्याचं सांगत नाही, म्हणून तो फरक काही मिलिसेकंदांवर ठेवण्यासाठी डेटा सेंटरांत अणुघड्याळं आणि जीपीएसचे अँटेना बसवलेले आहेत.

गिटहबने पुढे काय केलं? नवा डेटाबेस घेतला नाही. ऑर्केस्ट्रेटरची जुळणी बदलली. एका किनाऱ्यावरची प्रायमरी दुसऱ्या किनाऱ्यावर आपोआप जाऊ द्यायची नाही, बढती द्यायची ती त्याच भागात. अहवालात त्यांनी कबूल केलं की ऑर्केस्ट्रेटर सांगितल्याप्रमाणेच वागलं होतं, पण त्याने उभी केलेली नवी रचना त्यांच्या प्रोग्रामांना पेलणारी नव्हती. या बदलाचा अर्थ असा, की पूर्वेचं डेटा सेंटर पुन्हा एकटं पडलं तर पश्चिमेच्या प्रती स्वतःहून ताबा घेणार नाहीत. कोणीतरी माणूस पाहील, ठरवेल, आणि तोवर लिहिण्याचं काम अडून राहील.

आणि पूर्वेला अडकलेल्या त्या नोंदी? त्यांच्या सर्वांत वर्दळीच्या समूहांपैकी एकात त्या ९५४ होत्या. त्या कशा जुळवायच्या हे सांगणारं कुठलंही प्रमेय नाही. एकेक नोंद काढून पाहायची, वापरणाऱ्याने तीच गोष्ट नंतर पुन्हा केली आहे का ते तपासायचं, काही आपोआप बसतात, काहींसाठी त्या माणसाला गाठावं लागतं.